गर्भपिशवीतील गाठ, कोंब आणि पडदा



मोंढ्यात मिरचीची आवक चालू असता आणि उन्हाची तलखी अजून उतरली नसता आपण इतक्या संख्येने येथे आलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला सकाळीच सुचविले. त्यांचा मान राखूनही आम्ही तो सोडला नाही. कारण चारचौघांत बोलला जात नाही म्हणूनच हा विषय सोनोग्राफीच्या कागदावरील एका शब्दावर उरकला जातो. तो शब्द म्हणजे 'गाठ'.

गाठ म्हटली की आपल्या मराठवाड्यात पुढचा शब्द ठरलेला असतो : 'पिशवी काढून टाका.' बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ साली शासनाच्या समितीने केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्यांना मूल हवे आहे त्यांच्या बाबतीत चूक दुसऱ्या बाजूने होते. पिशवी ठेवतात, पण दिसेल ती गाठ काढायला निघतात. कोणती काढल्याने मूल होण्याचा संभव वाढतो आणि कोणती काढणे व्यर्थ, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आधी 'दुर्बीण' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात. त्यामुळे एका सुनेला आम्ही दुर्बिणीची तपासणी सुचविली, तेव्हा तिच्या सासूबाई पदर खोचून आमच्यापुढे उभ्या राहिल्या : "डॉक्टरसाहेब, लेकरू व्हावं म्हणून आलो आम्ही, बंद करायला नाही !" चूक त्यांची नव्हती. ती दुर्बीण पोटाला छिद्र पाडून आत घालतात व पिशवी बाहेरून पाहतात. आम्ही म्हणतो ती हिस्टेरोस्कोपी. हिची दुर्बीण तीन-चार मिलिमीटर जाडीची असते, ती खालच्या वाटेनेच पिशवीच्या तोंडातून आत जाते आणि पोटावर टाका पडत नाही. ही दुर्बीण आतली खोली पाहते, पहिली घराची बाहेरची भिंत पाहते. हा भेद ध्यानात राहिला म्हणजे पुढचे सोपे आहे.

ही आतली खोली म्हणजे उघडी पोकळी नव्हे. हातावर हात ठेवावा तशा तिच्या भिंती एकमेकींना चिकटून असतात. म्हणून दुर्बिणीबरोबर मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून ती फुगवावी लागते, तेव्हा कोठे आतले दिसते. बीज फळल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ या भिंतीच्या मऊ अस्तरात रुजतो. म्हणून गाठीला विचारावयाचा पहिला प्रश्न 'तू केवढी ?' हा नसून 'तू या अस्तरापर्यंत पोचतेस काय ?' हा आहे.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव वगळतो. बाई २९ वर्षांची, लग्नाला पाच वर्षे झालेली, मूल नाही. पाळी नियमित, परंतु दोन पाळ्यांच्या मध्ये दोन-तीन दिवस डाग दिसे. हे तिने आपण होऊन सांगितले नाही, विचारल्यावर सांगितले. हाती सोनोग्राफीचा कागद होता, त्यावर 'तीन सेंटिमीटरची गाठ' असे लिहिलेले. एका ठिकाणी पोट उघडून ती काढण्याचा सल्ला मिळाला होता आणि त्यासाठी घरात बैल विकण्याची बोलणी चालली होती. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र पाच वर्षांत एकदाही झालेली नव्हती. (हे इतके नेहमीचे आहे की आता आम्ही रागावणेही सोडून दिले आहे.)

ती तपासणी करविली, ठीक निघाली. नळ्यांचा एक्स-रे काढला, दोन्ही मोकळ्या होत्या. मग पाळीच्या नवव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी केली. दिवसाला महत्त्व आहे. पहिली सोनोग्राफी पाळीच्या विसाव्या दिवशी झालेली होती, आणि तेव्हा अस्तर जाड असते. त्या जाडीत मऊ कोंब लपून जातो. नवव्या दिवशी अस्तर पातळ होते. शिवाय बारीक नळीने थोडे मिठाचे पाणी आत सोडले, आणि मागच्या भिंतीला लोंबणारा चिंचोक्याएवढा गुळगुळीत कोंब स्पष्ट दिसला. यालाच पॉलिप म्हणतात. तो अस्तराचाच वाढलेला भाग असतो. कागदावरची ती तीन सेंटिमीटरची गाठ मात्र पिशवीच्या बाहेरच्या अंगाला होती. घराच्या पाठभिंतीला बाहेरून चिखलाचा गोळा चिकटावा, तशी. तिच्यामुळे आतल्या खोलीत काही अडत नव्हते.

दुर्बिणीतून बारीक कात्रीने तो कोंब मुळाशी कापला. सारे काम पाव तासाचे, त्याच दिवशी संध्याकाळी ती घरी गेली. पूर्वी, आणि काही ठिकाणी अद्यापही, न पाहता पिशवी खरवडतात. तसे केले असते तर पॉलिप सरकून मागे राहण्याचा संभव मोठा होता. तुकडा तपासणीस पाठविला. आपल्याकडे पिशवीचा क्षय आढळतो, तोही पाहावयास सांगितला, तो नव्हता. बाहेरच्या गाठीला आम्ही हात लावला नाही. चौथ्या महिन्यात तिला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात ती गाठ आठ दिवस दुखली. गरोदरपणी गाठीचा रक्तपुरवठा अपुरा पडून असे होते. विश्रांतीने व साध्या औषधाने ते शमले आणि मूल सुखरूप झाले.

पॉलिप काढला म्हणूनच मूल झाले, अशी शपथ एका उदाहरणावरून घेता येत नाही. त्यासाठी माद्रिद येथील प्रयोग पाहावा, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वीर्य नळीने पिशवीत सोडण्याचा उपचार घ्यावयाचा होता अशा, पॉलिप असलेल्या स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दुर्बीण दोन्ही गटांना घातली, परंतु एका गटाचे पॉलिप काढले आणि दुसऱ्यात फक्त नमुना घेतला. पॉलिप काढलेल्या १०१ जणींपैकी ६४ जणींना दिवस राहिले, तर न काढलेल्या १०३ पैकी २९ जणींना. पहिल्या गटातील गर्भधारणांपैकी सुमारे ६५ टक्के तर नळीच्या उपचारास आरंभ होण्यापूर्वीच झाल्या. मात्र सेंटिमीटरहून लहान पॉलिप कधी कधी आपोआप नाहीसा होतो, हेही सांगितले पाहिजे.

आता फायब्रॉईड, म्हणजे खरी गाठ. ही पिशवीच्या स्नायूची असते, घट्ट, पेरूच्या गरासारखी. ती तीन ठिकाणी असते : बाहेरच्या अंगाला, भिंतीच्या जाडीत, किंवा आतल्या खोलीत डोकावणारी. बाहेरची मूल होण्याच्या आड येत नाही. आत डोकावणारी येते, आणि ती दुर्बिणीतून काढल्याने संभव वाढतो असे मानण्यास आधार आहे; पण पॉलिपइतका ठसठशीत प्रयोग येथे झालेला नाही. भिंतीतल्या गाठीविषयी अद्याप वाद आहे. तिने आतली खोली वाकडी केली असेल तर विचार करावा, नसेल तर उतावीळ होऊ नये.

आत डोकावणाऱ्या गाठीतही तिचा किती भाग खोलीत आहे हे विचारावे. सगळी लोंबत असेल तर काम सोपे. अर्ध्याहून अधिक भिंतीत रुतलेली असेल तर ती विजेच्या तारेच्या कडीने पापुद्रा-पापुद्रा कापावी लागते, आणि काही वेळा एका खेपेस पुरी होत नाही. तेव्हा 'अर्धवट सोडले' म्हणून डॉक्टरला बोल लावू नये, कित्येकदा तोच शहाणपणा असतो. कारण कापताना उघड्या रक्तवाहिन्यांतून ते खोली फुगविणारे पाणी शरीरात शिरत असते. आत किती गेले आणि बाहेर किती आले याचा हिशेब ठेवण्यास एक माणूस नुसता उभा असावा लागतो. मिठाचे पाणी वापरले असता निरोगी बाईत अडीच लिटरची तूट आली की गाठ उरलेली असली तरी थांबावयाचे. न थांबल्यास फुप्फुसात पाणी साचते. दुसरा धोका मागाहून कळतो. समोरासमोरच्या दोन भिंती एकाच वेळी सोलल्या गेल्या तर जखमा एकमेकींना चिकटतात. ऑपरेशननंतर पाळीचा स्राव एकाएकी फार कमी झाला, की हे ओळखावे आणि 'बरे झाले, त्रास कमी झाला' म्हणून गप्प न बसता दाखवावे.

राहिला पडदा. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची गर्भपिशवी दोन नळ्या जुळून तयार होते, आणि मधली भिंत पुढे विरून जाते. ती विरली नाही तर पडदा राहतो. यात ग्रहणाचा संबंध नाही आणि सुनेचा दोषही नाही. पडदा आणि 'दोन शिंगांची पिशवी' यांत मात्र गल्लत होते. पडदा असता पिशवीचा माथा बाहेरून सरळ असतो. शिंगे असता तेथे खोल खाच असते, आणि पडदा समजून तेथे कात्री चालविली तर ती थेट पोटात उतरते. साध्या सोनोग्राफीवर हा निर्णय करू नये, त्रिमितीय सोनोग्राफी किंवा एमआरआय पाहावा.

पडदा दिसला की कापावा, असे आम्ही स्वतः अनेक वर्षे मानीत होतो. पडदा कापल्यावर गर्भपात कमी झाले असे अनेक डॉक्टरांनी लिहिले होते. परंतु त्यांनी त्याच स्त्रियांची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली होती, आणि दोन गर्भपात झालेल्या बाईचे तिसरे मूल पुष्कळदा काही न करताही टिकते. २०२१ साली नेदरलँड, ब्रिटन, अमेरिका आणि इराण येथील प्रयोग प्रसिद्ध झाला. पडदा कापलेल्या ३९ जणींपैकी १२ जणींना जिवंत मूल झाले, न कापलेल्या ४० पैकी १४ जणींना. कापलेल्यांपैकी एकीच्या पिशवीला छिद्रही पडले. ८० स्त्रिया जमविण्यास आठ वर्षे लागली. संख्या लहान आहे, म्हणून वाद मिटलेला नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीत कापण्याचा विचार करणारे तज्ज्ञ आजही आहेत. पण 'पडदा आहे, उद्या या' हे सांगणे आता आम्हांला जड जाते.

गेल्या काही वर्षांत अशीच एक २२ वर्षांची मुलगी आली. एक गर्भपात झालेला, आठव्या आठवड्यात. कागदावर 'दोन शिंगे' लिहिलेली. नांदेडला त्रिमितीय सोनोग्राफी करविली, माथा सरळ निघाला, म्हणजे पडदाच. आम्ही नवराबायकोला दोन्ही बाजू सांगितल्या : पडदा असो नसो, एखादा गर्भपात अनेकींना होतो, वय हाती आहे, कापल्याने फायदा होईलच असा पुरावा नाही. त्यांनी थांबावयाचे ठरविले. सात महिन्यांनी दिवस राहिले. मूल पायाळू होते, पडद्याच्या पिशवीत ते तसे पुष्कळदा असते, म्हणून सदतिसावा आठवडा संपल्यावर सिझेरियन केले. दुसऱ्या खेपेची वेळ येईल तेव्हा, आणि त्या वेळी पुन्हा गर्भपात झाला तर, पडद्याचा विचार नव्याने करू असे ठरले आहे. तोवर तो जागच्या जागी आहे.