मातेच्या प्रश्नास उत्तर
(अंत्यविधीच्या वेळी केलेले भाषण)



काल सायंकाळी सायकलीवरून घरी निघालेला हा १९ वर्षांचा मुलगा आज शवपेटीत आहे. रस्त्यावर मी पोहोचलो, तेव्हा प्राण गेला की काय याचा संशय होता. म्हणून मी त्यास पवित्र तेलाचा अभ्यंग केला. रात्री त्याच्या मातेने मला विचारिले, “फादर, पापनिवेदन न करिता गेला, आता त्याचे काय?”

माते, संस्कार आम्हांस बांधितात. देवाची दया त्यांनी बांधली जात नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती अधिक पापी होती काय? प्रभूने स्पष्ट नाही म्हटले. तेव्हा ‘हा देवाचा दंड’ असे या घराच्या ओट्यावर कोणी बोलू नये. मजजवळही ‘का?’ याचे उत्तर नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, तुम्हीही रडा.

आता त्यास कबरस्थानाकडे नेऊ. माते, तुम्ही पेटीजवळून चला.