धुराखालची हवा

घरातला सोफा पेटला की त्यातल्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन विषारी वायू सुटतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग डोकं गरगरतं, पायांतलं बळ जातं आणि दारापाशी पोचूनही कडी काढणं सुचत नाही. नाकावरचा ओला रुमाल काजळी थोडीफार अडवतो, कार्बन मोनॉक्साइड मुळीच नाही! गरम धूर आधी छताखाली साठतो, म्हणून जमिनीलगतची हवा थोडा वेळ बरी असते. तेवढ्यात रांगत बाहेर पडा, बाहेर पडताना आपल्यामागे दार ओढून घ्या. दागिने, कागदपत्रं राहू द्या. १०१ला फोन बाहेर आल्यावरच करा.