नव्या भाषेतील ‘नाही’ आणि ‘का’



व्याकरणावर बोलायला संघटनेचा माणूस उभा राहिला, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी शाळा सातवीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात, कामगार कायद्याच्या पुस्तकांतून आणि लोकांच्या तोंडून. तेव्हा आज मी पंडिताचा आव आणणार नाही. आपल्या मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या बाजूला, जे कारखाने उभे राहिले, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा दूरच्या मुलुखातून आलेली पुष्कळ पोरे काम करतात. त्यांना मराठी शिकविताना जे माझ्या हाती लागले तेवढेच सांगतो.

सुरुवात एका चौकशीपासून करतो. कारखान्याचे नाव घेत नाही. प्रेसवर अपघात झाला, एकाची दोन बोटे गेली. मशीनचे गार्ड कोणी काढले, असा प्रश्न निघाला आणि बिहारकडच्या एका तरुणाला आरोपपत्र मिळाले. तो म्हणत होता की अपघाताच्या वेळी आपण कँटीनमध्ये होतो. पहिल्याच बैठकीत त्याला विचारले, “अपघात झाला तेव्हा तू मशीनवर नव्हतास का?” पोरगा चार महिन्यांत जमेल तेवढे मराठी शिकलेला. तो ठामपणे म्हणाला, “मी नाही होतो मशीनवर.” त्याच्या मनात हिंदी वाक्य होते, ‘मैं नहीं था’. लिहून घेणाराने लिहिले, “नाही. मी मशीनवर होतो.” पोराने खाली सही केली. त्याला देवनागरी वाचता येत होती, पण वाचतानाही त्याने आपलेच हिंदी वाक्य वाचले. आपण ‘नाही’ही म्हटले, ‘होतो’ही म्हटले, दोन्ही शब्द कागदावर आहेत, मग चूक कसली?

लिहिणाराचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मराठी कानाला ‘मी नाही होतो’ हे वाक्यच नाही. म्हणून कान त्याचे दोन तुकडे करतो, ‘नाही’ हे उत्तर आणि ‘होतो’ ही हकिकत. मराठीत ‘होतो’चा नकार ‘नव्हतो’ असा वेगळा शब्द आहे. तो त्या पोराला कोणी शिकविलाच नव्हता. तीन महिने तो अर्ध्या पगाराच्या निर्वाहभत्त्यावर निलंबित राहिला. शेवटी कँटीनच्या कुपनांच्या नोंदीवरून तो सुटला. पण त्या एका शब्दाने मला पुढची दोन वर्षे कामाला लावले.

आता जरा बारकाईने पाहू. नकार म्हणजे वाक्यात एक ‘नाही’ घालायचा, अशी आपली समजूत असते. हिंदीत ती बरीचशी खरी आहे. ‘आता है’, ‘नहीं आता’. मराठीत मात्र ‘नाही’ आले की क्रियापद आपला वेष बदलते. ‘तो येतो’चे ‘तो येत नाही’ होते. ‘ती येते’चेही ‘ती येत नाही’. म्हणजे पुरुष-बाई हा भेद क्रियापदावरून गळून पडला. ‘ते येतात’ याचे ‘ते येत नाहीत’, आणि ‘तू येतोस’ याचे ‘तू येत नाहीस’. क्रियापदाच्या टोकाला जे ‘त’ आणि ‘स’ होते ते तेथून उठले आणि ‘नाही’च्या टोकाला जाऊन बसले! आपण आईच्या मांडीवर हे शिकलो म्हणून आपल्याला त्यात काही दिसत नाही. पुढे पाहा. ‘मी येईन’ याचा नकार ‘मी येईन नाही’ असा होत नाही, ‘मी येणार नाही’ असा होतो. ‘ये’ याचा ‘येऊ नको’, ‘या’ याचा ‘येऊ नका’. आणि ‘मला चहा पाहिजे’ याचा तर सरळ ‘मला चहा नको’.

येथे एक गंमत सांगतो, कारण माझी स्वतःची चूक तिच्यातून उघडी पडली. पहिले काही महिने मी पोरांना सांगत असे, “हिंदीत नहीं आधी येते, मराठीत नाही शेवटी येते, एवढे लक्षात ठेवा.” एक दिवस एकाने मला धरले. म्हणाला, “मामा, काल तुम्हीच फोनवर म्हणालात, मी नाही येणार!” आणि खरेच, मी म्हणालो होतो. जोर द्यायचा असला की आपण ‘नाही’ आधी घेतो. ‘तो नाही येत’, ‘मी नाही येणार’ ही शुद्ध मराठी वाक्ये आहेत. तेव्हा जागेचा प्रश्न दुय्यम आहे, खरा प्रश्न क्रियापदाच्या रूपाचा आहे. ‘तो नाही येत’ चालते, ‘तो नाही येतो’ चालत नाही. नियम तोंडपाठ करून देणारा मास्तर कसा फसतो, ते मी त्या दिवशी शिकलो.

मग नियम सांगणे मी बंद केले आणि वाक्ये फिरवून घेणे सुरू केले. ही रीत माझी नव्हे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राईझ नावाच्या प्राध्यापकांनी 1941 पासून परक्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविताना ती फार वापरली. दुसऱ्या महायुद्धात तेथल्या सैनिकांना परक्या भाषा शिकवितानाही अशीच घोकंपट्टी करून घेत. मी एक वाक्य म्हणायचे, शिकणाऱ्याने त्याचे दुसरे रूप लगेच म्हणायचे, एवढाच तो खेळ.

आमच्या खोलीत तो असा चालतो. पाळी सुटल्यावर आठ-नऊजण बसतात. मी म्हणतो, “तो येतो.” दोन टाळ्या वाजायच्या आत सगळ्यांनी म्हणायचे, “तो येत नाही.” “ती येते.” “ती येत नाही.” “ते येतात.” “ते येत नाहीत.” दोन टाळ्या कशासाठी? वेळ जास्त दिला की पोरगा मनात हिंदी वाक्य तयार करतो आणि त्याचे भाषांतर करतो. वेळ फारच कमी दिला तर शेजाऱ्याचे तोंड पाहून बोलतो. म्हणून आधी सर्वांनी मिळून, आणि लगेच एकेकाला बोट दाखवून. एका बैठकीत एकच बदल घ्यायचा. आज ‘येतो, येत नाही’, तर दहा-बारा वाक्ये तीच, क्रियापदे तेवढी वेगळी. ‘होतो, नव्हतो’ दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी दोन्ही मिसळायची. खरी परीक्षा या तिसऱ्या दिवशी होते. वेगवेगळी घेताना पोपटासारखी बिनचूक बोलणारी पोरे मिसळले की अडखळतात, आणि जेथे अडखळतात तेथे पुन्हा काम करायचे, हे आपल्याला कळते.

चूक झाली तर व्याख्यान द्यायचे नाही. बरोबर वाक्य आपण म्हणायचे, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे, पुढे जायचे, आणि तीन-चार वाक्यांनंतर तेच वाक्य अचानक त्याच्याच अंगावर टाकायचे. चुकीकडे कान मात्र नीट हवा. एकजण ‘तो येतो नाही’ म्हणतो. त्याला ‘नाही’ची जागा कळली आहे, क्रियापद सोडायचे कळलेले नाही. त्याच्याकडून नुसते ‘येत नाही, जात नाही, बसत नाही’ असे शेपूट दहा वेळा म्हणवून घ्यावे. दुसरा ‘तो नाही येतो’ म्हणतो. तो अजून हिंदीतच उभा आहे, त्याला पहिल्यापासून संपूर्ण वाक्ये द्यावी लागतात.

प्रश्नांचे त्रांगडे याहून मोठे आहे, आणि ते एका अक्षराचे आहे. हिंदीतले ‘क्या’ मराठीत दोन ठिकाणी फुटते. ‘क्या खाया?’ याचे ‘काय खाल्लेस?’ होते, पण ‘क्या तुमने खाया?’ याचे ‘तू खाल्लेस का?’ होते. आणि हिंदीतल्या ‘क्यों’लाही मराठीत ‘का’च! मग ‘तू गेलास का?’ आणि ‘तू का गेलास?’ यांत फरक काय? पहिल्यात गेलो की नाही एवढेच विचारले आहे. दुसऱ्यात तू गेलास हे धरूनच चालले आहे, कारण तेवढे मागितले आहे. ‘तू मशीन सोडून का गेलास?’ या प्रश्नाला जो ‘पाणी प्यायला’ असे उत्तर देतो, त्याने मशीन सोडल्याचे कबूल केले. चौकशीच्या खोलीत ‘का’ची जागा म्हणजे नोकरीची जागा.

म्हणून आम्ही एकच वाक्य चार घरांतून फिरवितो. मी म्हणतो, “तो आला.” मग नुसता इशारा देतो. “का!” “तो आला का?” “नाही!” “तो आला नाही.” “नाही आणि का!” “तो आला नाही का?” “कारण विचार!” “तो का आला नाही?” हीच फेरी ‘तू आलास’ने घेतली की ‘स’ कुठे जातो ते पाहायचे. ‘तू आलास का?’ पण ‘तू आला नाहीस का?’ ‘तू आलास नाही’ ऐकू आले, की समजावे, मागच्या आठवड्याचा धडा कच्चा राहिला आहे.

आता या रीतीचे अपुरेपण. वाक्य बिनचूक फिरविणाऱ्याला त्याचा अर्थ कळतोच असे नाही. मी एकदा मुद्दाम म्हटले, “मुळशीचे धरण चहा पितं.” नऊच्या नऊजणांनी गंभीरपणे सांगितले, “मुळशीचे धरण चहा पीत नाही.” एकालाही हसू आले नाही! क्रिस्टिना ब्रॅट पॉल्स्टन या विदुषीने 1970 मध्ये अशा अभ्यासाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत अर्थ न कळताही उत्तर देता येते, दुसरीत अर्थ कळावा लागतो, तिसरीत शिकणाऱ्याला स्वतःची खरी माहिती सांगावी लागते. तेव्हापासून शेवटची दहा मिनिटे मी टाळ्या बंद करतो आणि खरे प्रश्न विचारतो. “काल ओव्हरटाइम केलास का?” “घरी पैसे पाठविले नाहीस का?” उत्तर खरे पाहिजे आणि पुरे वाक्य पाहिजे. कारण नकारार्थी प्रश्नाला नुसते ‘नाही’ म्हटले तर त्याचे दोन अर्थ होतात. ‘नाही, पाठविले’ आणि ‘नाही, पाठविले नाहीत’. आपण घरात एकमेकांचा सूर ओळखतो. कागदाला सूर नसतो.

तो चौकशीतला पोरगा आता आमच्या खोलीत टाळ्या वाजवायला बसतो. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी एकच जोडी देतो, ‘होतो’ आणि ‘नव्हतो’. बाकीचे उद्या, म्हणतो. परवा कारखान्यात त्याच्यापुढे कोणीतरी एक कागद सहीला ठेवला. त्याने तो बोट ठेवून वाचला, वर पाहिले आणि विचारले, “साहेब, येथे ‘नव्हतो’ का लिहिले नाही?”