वरून काढलेला नकाशा, दारातून दिसणारी खोली



ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांजवळ राहणाऱ्या आपल्या बायकांना पाहुण्यांसाठी घरातली एखादी खोली नीट करावीशी वाटते. मग गटात बसून कागदावर चौकोन काढला जातो. इथे पलंग, इथे खिडकी. पण त्या चौकोनावरून प्रत्येकीला खोली डोळ्यांपुढे दिसतेच असं नाही. मोबाईलवर जेमिनी किंवा चॅटजीपीटीला या कागदाचा फोटो आणि सोबत लेखी सूचना दिली, तर ते खोलीचं चित्र काढून देतात. या सूचनेलाच प्रॉम्प्ट म्हणतात. ती कशी लिहायची, ते आज पाहू.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. आपला नकाशा छपरावरून खाली पाहिल्यासारखा असतो आणि चित्र मात्र माणसाच्या उभ्या नजरेचं हवं असतं. त्यामुळे आपण कुठे उभ्या आहोत, हे सूचनेत आलंच पाहिजे. 'पूर्वेच्या भिंतीला पलंग' असं लिहून उपयोग नाही, पूर्व कुठे ते त्याला कळत नाही. दारात उभं राहून डावीकडे काय, समोर काय, उजवीकडे काय, असंच लिहा.

समजा, खोली दहा बाय बारा फुटांची आहे. चौकड्यांची वही घ्या, एक चौकडी म्हणजे एक फूट. दहा फुटी भिंतीत डाव्या टोकाला तीन फुटांचं दार आहे. दार आत उघडतं, म्हणून त्याची कमानही काढा. समोरच्या भिंतीत मधोमध चार फुटांची खिडकी आहे. पलंग साडेसहा बाय तीनचा, डाव्या भिंतीला लागून, आतल्या कोपऱ्यात. उजवीकडे बांबूची मांडणी. रेघा ठळक ओढा, मापं आकड्यांत लिहा आणि फोटो कागदाच्या बरोबर वरून, सावली न पाडता काढा.

आता सूचना अशी लिहा:

```
सोबतचा नकाशा वरून पाहिलेला आहे. त्यावरून खोलीचं खऱ्यासारखं चित्र काढ.
खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब. दारात उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून आत पाहा. दार चित्रात नको.
डावीकडे: भिंतीला लागून, आतल्या कोपऱ्यात सागवानी पलंग, साडेसहा फूट लांब, ३ फूट रुंद.
समोर: भिंतीच्या मधोमध एकच खिडकी, ४ फूट रुंद, जमिनीपासून ३ फूट वर.
उजवीकडे: बांबूची उघडी मांडणी, ४ फूट रुंद, ५ फूट उंच.
मातीच्या भिंती, पांढरा चुना. शेणाने सारवलेली जमीन. लाकडी वाशांवर उतरतं कवेलूचं छप्पर.
सकाळचा उजेड खिडकीतून.
यापलीकडे एकही वस्तू, दिवा किंवा छताखालचं छत घालू नको.
```

शेवटची ओळ गाळू नका. ती नसली की झुंबर, गालिचा, गुळगुळीत फरशी आपोआप येऊन बसते, कारण या साधनांनी शहरी खोल्यांचीच चित्रं जास्त पाहिलेली असतात. बांबूचंही तसंच. नुसतं 'बांबू' म्हटलं तर जाड, पिवळा, चकचकीत बांबू येतो. आपल्याकडचा मानवेल बारीक आणि भरीव. त्याचं नाव लिहून भागणार नाही, 'दीड इंच जाडीच्या, फिकट, खरखरीत काठ्या' असं वर्णन करा.

चित्र आलं की सुंदर दिसतं म्हणून भुलू नका. नकाशा शेजारी ठेवून तीन गोष्टी तपासा. खिडकी एकच आहे का? पलंग डावीकडेच आहे का? डावं-उजवं उलटं होणं नेहमीचं आहे. तिसरी गोष्ट मापाची. पलंग तीन फूट रुंद आणि खिडकीही डाव्या कोपऱ्यापासून तीन फुटांवर सुरू होते, म्हणून पलंगाची कड संपते तिथेच खिडकी सुरू झाली पाहिजे. पलंग खिडकीच्या खाली सरकलेला दिसला, तर माप चुकलं असं समजा. चूक दिसली की सगळी सूचना बदलू नका. ज्या वाक्याची चूक आहे तेवढंच वाक्य स्पष्ट करून पुन्हा द्या, म्हणजे कशाने काय बदललं ते कळतं.

आणि चित्रावरून कधी सामान मागवू नका. चित्र काढणारा टेप लावून मोजत नाही. आपल्या खोलीत डावी भिंत बारा फूट. त्यातून पलंगाचे साडेसहा गेले, उघडलेल्या दाराचे तीन गेले, उरले अडीच फूट. दार आणि पलंग एकमेकांना लागणार नाहीत हे वहीतल्या चौकड्या सांगतात, चित्रात तर दारच नाही. म्हणून चित्र गटाला दाखवा, घरच्यांना दाखवा, रंग आणि मांडणी ठरवा. सुताराच्या किंवा बांबू कारागिराच्या हाती मात्र मापं लिहिलेला तो चौकड्यांचा कागदच द्या.