‘प्रयत्न करतो’ म्हणजे हो की नाही?
(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



आपल्या कामाला नेदरलँड्ससारख्या देशातून मदत येते, तशी पत्रेही येतात. अशाच एका पत्राबद्दल आज बोलतो. नावे घेत नाही.

पाड्यांवरच्या लहान मुलांच्या दंडघेराचा तक्ता तिकडे गेला होता. उत्तर आले, ‘पान ४ वरचा तक्ता चुकीचा आहे. तो वापरता येणार नाही. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा.’ नमस्कार नाही, आभार नाहीत, आणि प्रत सगळ्यांना. आपला कार्यकर्ता दिवसभर जेवला नाही. चार महिने पायपीट केली त्याचे हे फळ, असे त्याला वाटले.

डच माणसाच्या लेखी मात्र त्यात राग नव्हता. तिकडे जे बरोबर आहे त्याबद्दल बोलायची गरज मानत नाहीत. जे चुकले तेवढेच सांगतात. चूक तक्त्याची, माणसाची नव्हे.

कार्यकर्त्याने कळवले, ‘पाहतो सर, प्रयत्न करतो.’ दोन पाड्यांवर पुन्हा मोजायला हवे होते आणि ओढ्याला पूर होता. शुक्रवारपर्यंत जमणार नाही हे त्याला ठाऊक होते. आपल्यापैकी कोणीही ते उत्तर ऐकून समजला असता. तिकडे त्याचा अर्थ ‘होय’ असा झाला. शुक्रवार गेला आणि दुसरे पत्र आले, ‘तुम्ही शब्द दिला होता.’ आता दुखावण्याची पाळी त्यांची होती!

खरी भीती वेगळीच होती. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असला की ते मूल तीव्र कुपोषित धरतात. तक्त्यात एका मुलीचा घेर ११.२ ऐवजी १२.१ लिहिला गेला होता. तिला उपचार हवे होते, आणि इथे पत्रातल्या सुराचीच चर्चा चालू होती.

पुढे दोन्हीकडे थोडा बदल झाला. चूक आधी त्या एकट्याला फोनवर सांगायची, मग लिहायचे, असे तिकडे ठरले. ‘जमेल का?’ असे विचारणेही थांबले, कारण त्याला आपल्याकडून ‘हो’च येते. ‘कशाची अडचण आहे, कोणत्या तारखेला होईल?’ असे विचारले की ओढ्याचा पूर आपोआप बोलण्यात येतो. आपल्या बाजूने तारीख लिहायची, किंवा ‘होणार नाही’ असे कारणासह लिहायचे. हे दुसरे जड जाते. अजूनही जाते.

सौम्यपणाही बेतानेच हवा. एकदा तिकडच्या बाईंनी आपली रीत शिकून लिहिले, ‘सवडीने तक्ता एकदा पाहाल का?’ आपल्या माणसाने तो सवडीनेच पाहिला.

आणि प्रत्येक फटकळपणा संस्कृतीच्या नावावर खपवू नये. तो माणूस स्वतःच्या संचालकालाही असेच लिहितो का, हे पाहावे. डच कचेरीत बहुधा लिहितो. फक्त आपल्यालाच लिहीत असेल, तर मात्र ते त्याला स्पष्ट विचारायला हवे.