शाळेतील गोळी आणि घरातील गोधडी

लोणावळ्यातील या परिषदेत जमलेले बालरोगतज्ज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर मांडावयाचा विषय आकाराने जेमतेम अर्ध्या इंचाचा आहे. त्याचे शास्त्रीय नाव एन्टरोबियस व्हर्मिक्युलॅरिस, पण मावळातील घरांत तो ‘सुतासारखे पांढरे जंत’ एवढ्याच वर्णनाने ओळखला जातो, आणि हे वर्णन नेमके आहे, कारण यातील मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब, पांढरी आणि शेपटीकडे टोकदार असते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. परंतु हा कार्यक्रम आखला गेला तो मातीतून पसरणाऱ्या गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी यांच्यासाठी. सुतासारख्या जंताला मातीची गरज लागत नाही. माणसाखेरीज त्याला दुसरे घर नाही, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्यास त्याला नख, चादर व बोट एवढे पुरते. म्हणूनच शाळेतील गोळीने त्या दिवशी मुलाच्या पोटातील बहुतेक जंत मरत असले, तरी मूल त्याच रात्री ज्या गोधडीत शिरते तिचा हिशेब त्या गोळीत धरलेला नसतो.

हा हिशेब समजण्यासाठी जंताची एक रात्र पाहावी लागते. पोटात अंडी भरलेली मादी मोठ्या आतड्यात राहते आणि मूल झोपल्यानंतर दोन-तीन तासांनी गुदद्वाराबाहेर येऊन तेथील त्वचेच्या घड्यांत सुमारे दहा हजार किंवा त्याहून अधिक अंडी चिकट द्रवासह घालते व बहुधा तेथेच मरते. तिच्या वळवळीने आणि त्या द्रवावरील त्वचेच्या प्रतिक्रियेने खाज सुटते. मूल झोपेतच खाजवते, अंडी नखांखाली जातात, आणि चार ते सहा तासांत, म्हणजे उजाडेपर्यंत, ती दुसऱ्याला लागण करण्यास तयार होतात. तोंडात गेलेल्या अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार होण्यास सुमारे एक महिना लागतो. मावळात या साखळीला हवामानाचीही साथ मिळते. कोरड्या उन्हात ही अंडी लवकर मरतात, पण दमट गारव्यात दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात जुलैमध्ये पांघरुणे वाळत नाहीत, आणि नाणे, आंदर वा पवन मावळातील एका खोलीत शेजारी शेजारी झोपणाऱ्या घरात ती वेगळीही राहत नाहीत, हे येथील डॉक्टरांना सांगावे लागत नाही.

निदानाची मोठी चूक येथेच होते. रात्री खाजवणाऱ्या मुलाची शौचाची तपासणी करून घेतली जाते आणि अहवाल कोरा येतो, कारण अंडी आतड्यात नव्हे, तर बाहेरच्या त्वचेवर घातली जातात. लागण असलेल्यांपैकी थोड्याच जणांच्या शौचात ती सापडतात. कोऱ्या अहवालानंतर खाजेवर बुरशीचे किंवा स्टेरॉइडचे मलम सुरू होते आणि महिने जातात. यावर १९४१ मध्ये ग्रॅहम यांनी मांडलेली चिकटपट्टीची चाचणी आजही सर्वांत स्वस्त व सर्वांत विश्वासार्ह आहे, आणि तिला लागणारी सामग्री कोणत्याही गावच्या दुकानात मिळते.

ती कशी करावयाची, हे एका कल्पित घराच्या आधारे पाहता येईल. नाणे मावळात आजी, आई, वडील, दुसरीत शिकणारी आठ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा असे पाच जण एकत्र राहतात. मुलगी मध्यरात्री रडत उठते, झोपेत दात खाते, आणि आजीचे म्हणणे असे की गूळ-साखर जास्त झाली. गोड खाण्याने जंत होत नाहीत. दात खाण्यावरूनही निदान करता येत नाही. पण आजीने पाहिलेली रात्रीची खाज मात्र खरा पुरावा आहे. आईला स्वच्छ पारदर्शक सेलोटेप, चमचा आणि काचपट्टी दिली जाते. धूसर टेप चालत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून काही दिसत नाही. सकाळी मुलगी उठताच, अंघोळ किंवा शौचास जाण्यापूर्वी, टेप चिकट बाजू बाहेर ठेवून चमच्याच्या दांड्यावर ताणायची, गुदद्वाराभोवतीच्या घड्यांवर दोन-तीन ठिकाणी दाबायची, मग काचेवर चिकट बाजू खाली ठेवून चिकटवायची आणि हात साबणाने धुवायचे. अंघोळीनंतर घेतलेली पट्टी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण अंडी धुतली गेलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अंडे एका बाजूला सपाट व दुसऱ्या बाजूला फुगीर दिसते. सोमवारी या मुलीची पट्टी कोरी आली, मंगळवारचीही कोरी आली आणि बुधवारी अंडी दिसली, असे समजू. यात काहीही अघटित नाही. मादी रोज रात्री बाहेर येत नाही, आणि एका सकाळच्या पट्टीने साधारण निम्म्याच लागणी सापडतात, तर सलग तीन सकाळींनी सुमारे नव्वद टक्के. पहिली पट्टी कोरी म्हणून जंत नाहीत असे म्हणणारा डॉक्टर लागण झालेल्या निम्म्या मुलांच्या बाबतीत चुकतो.

आता प्रश्न येतो गोळी कोणाला द्यायची. उत्तर आहे, गुरुवारी रात्री घरातील सर्वांना, कोणाला खाज असो वा नसो, कारण लागण झालेल्या मोठ्या माणसांना बहुधा कसलीही तक्रार नसते. मुलगी, आजी, आई आणि वडील यांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम चावून, आणि दीड वर्षाच्या मुलाला २०० मिलिग्रॅम पाण्यात कालवून. मात्र आई गरोदर असेल, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर तिला गोळी न देता नखे-अंघोळीची काटेकोर पथ्ये पाळावयास सांगून डॉक्टरांनी निर्णय पुढे ढकलावा. हा जंत क्वचितच गंभीर त्रास देतो, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. शुक्रवारी सकाळी सर्वांनी अंघोळ करून चड्ड्या बदलाव्यात, नखे कापावीत. चादरी झटकू नयेत, कारण झटकल्याने अंडी धुळीसह हवेत उडतात, त्या अलगद गुंडाळून गरम पाण्यात धुवाव्यात. गोधडी धुणे पावसाळ्यात शक्य नसेल तर तिच्यावर रोज बदलता येणारे साधे कापड घालावे, आणि न वाळलेल्या कपड्यांवर इस्त्री फिरवावी. दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी सर्वांनी दुसरी मात्रा घ्यावी. औषध मोठ्या जंतांना मारते, अंड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि त्या दिवसांत घरातील अंड्यांतून वाढलेल्या कोवळ्या जंतांना अंडी घालण्यापूर्वी गाठणारी हीच मात्रा असते. हीच मात्रा बहुधा विसरली जाते, कारण तोवर खाज थांबलेली असते.

शिक्षकांसाठी एवढेच, की या मुलीला शाळेतून घरी पाठवण्याचे काही कारण नाही आणि तिचे नाव वर्गात घेण्याचे तर मुळीच नाही. स्वच्छ घरांतील मुलांनाही हा जंत होतो. उलट मूल फिकट, थकलेले दिसत असेल तर दोष या जंतावर टाकून मोकळे होऊ नये, तो रक्तक्षय घडवत नाही, आणि तेथे अंकुशकृमीचा व आहाराचा शोध घ्यावा लागतो.

या परिषदेतील प्रत्येक डॉक्टरला विनंती अशी, की रात्रीच्या खाजेसाठी आलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर केवळ मुलाचे नाव लिहू नये. घरात झोपणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याची मात्रा आणि दुसऱ्या मात्रेचा वार व तारीख त्याच चिठ्ठीवर लिहावी.