‘तुमचं मत झालंय, बाई’

(शिवडी येथे वस्तीतल्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या निम्म्याअधिक जणींची गावं कोकणात आहेत. गणपतीला, शिमग्याला तुम्ही गावी जाता, तेव्हा बायकांच्या बैठकीत खेळायला म्हणून ही प्रश्नमंजुषा लिहिली आहे. ती लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपुरतीच आहे. ग्रामपंचायतीच्या मतदानाची रीत वेगळी असते, ती यात मिसळू नका.

पहिला प्रश्न हा खेळच आहे. चार चिठ्ठ्या करा: ‘शाई’, ‘नाव’, ‘यंत्र’, ‘चिठ्ठी द्या’. चार बायकांना एकेक वाटा आणि क्रमाने उभं राहायला सांगा. बहुतेक ठिकाणी ‘शाई’ पहिली उभी राहते. बरोबर क्रम असा : पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो, ओळखपत्र पाहतो आणि नाव मोठ्याने वाचतो. दुसऱ्याकडे डाव्या तर्जनीला शाई लागते, नोंदवहीत सही किंवा अंगठा होतो आणि चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी तिसऱ्याला द्यायची, मग तो यंत्र मोकळं करतो. आत गेल्यावर बटण दाबलं की शेजारच्या काचेत उमेदवाराचं नाव आणि चिन्ह छापलेला कागद सात सेकंद दिसतो.

नाव मोठ्याने का वाचतात, हा पोटप्रश्न जरूर विचारा. उमेदवारांचे प्रतिनिधी तिथे बसलेले असतात. खोटा मतदार आला असेल तर त्याला हरकत घेण्याची वेळ तीच असते.

दुसरा प्रश्न : ‘तुमचं नाव गावच्या यादीतही आहे आणि शिवडीतही आहे. फायदा की तोटा?’ हसत हसत ‘फायदा’ म्हणतात. उत्तर आहे, तोटा. कायद्याने नाव एकाच ठिकाणी असावं लागतं, जिथे आपण नेहमी राहतो तिथे. मुंबईला आलेल्या सुनेचं नाव गावच्या यादीत पडून राहतं आणि मतदानाच्या दिवशी ती येणार नाही हे गावाला ठाऊक असतं. ‘अमक्याची सून’ एवढीच तिची ओळख असेल, तर तिच्या नावावर दुसरं कुणी उभं राहिलं तरी हरकत कोण घेणार? मुक्काम बदलला की अर्ज क्रमांक 8 भरून नाव हलवून घ्या.

आता तिसरा प्रश्न. हा मी एका बाईमुळे घातला. ती चार तास प्रवास करून मतदानासाठी गावी गेली. तिचं नाव तिथल्याच यादीत होतं. रांगेत उभी राहिली, नाव सांगितलं. पहिल्या टेबलावरून उत्तर आलं, ‘तुमचं मत झालंय, बाई.’ बोटाला शाई नव्हती, ओळखपत्र हातात होतं. ती परत फिरली. मला हे तिने दोन महिन्यांनी सांगितलं.

प्रश्न असा विचारा : ‘तिने काय करायला हवं होतं? (अ) घरी जायचं. (आ) भांडायचं. (इ) केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागायचं.’

उत्तर (इ). जागेवरून हलायचं नाही आणि केंद्राध्यक्षालाच भेटायचं. तो ओळख पटवण्यासाठी प्रश्न विचारतो. खात्री झाली की एका यादीवर आपली सही किंवा अंगठा घेतो आणि कागदी मतपत्रिका देतो. हे मत यंत्रावर होत नाही. आडोशाला जाऊन शिक्का मारायचा, घडी घालायची आणि ती केंद्राध्यक्षाच्या हाती द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते.

इथे बायकांना अर्धंच सत्य सांगू नका. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि न्यायालयाने सांगितलं, तरच ती पाकिटं उघडतात. एखादी विचारेल, ‘मग सही कशाला करायची?’ तिला सांगा, परत फिरलेल्या बाईची कुठेच नोंद राहत नाही. कागदोपत्री तिने मत दिलेलं असतं. सही केली की त्या केंद्राच्या हिशेबात एक प्रदत्त मत लिहिलं जातं आणि तिच्या नावावर दुसरं कुणी मत दिल्याची तक्रार सरकारी कागदावर येते.

प्रश्न विचारून थांबू नका. एकीला केंद्राध्यक्ष करा, एकीला मतदार, आणि हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या : ‘साहेब, हे माझं नाव, हे माझं ओळखपत्र. मी मत दिलेलं नाही. मला प्रदत्त मतपत्रिका द्या.’

पहिल्यांदा आवाज निघत नाही. तिसऱ्यांदा निघतो. मी त्या बाईलाही हे म्हणायला लावलं. ती म्हणाली, ‘ताई, एवढंच म्हणायचं होतं?’